पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार: आधी रूप बदला, मग काटा, मग गुणा

खोलीला नवी फरशी घालायची होती म्हणून टेप घेऊन माप काढलं. लांबी भरली ११ फूट ३ इंच, रुंदी ९ फूट ४ इंच. सहावीतली भाची वही घेऊन शेजारी बसली होती. तिने आधी मोबाइलवर ११.३ गुणिले ९.४ केलं आणि १०६.२२ असं उत्तर सांगितलं. मी म्हणाले, "अगं, फुटात दहा इंच नसतात, बारा असतात. ३ इंच म्हणजे पाव फूट आणि ४ इंच म्हणजे एक तृतीयांश फूट." मग तिने वहीत ११ १/४ × ९ १/३ असं मांडलं. अकरा गुणिले नऊ नव्याण्णव, एक छेद चार गुणिले एक छेद तीन म्हणजे एक छेद बारा, आणि उत्तर लिहिलं: ९९ १/१२.

खोलीचं क्षेत्रफळ आहे बरोबर १०५ चौरस फूट. म्हणजे तिच्या हिशेबात जवळजवळ सहा चौरस फूट जमीन गायब झाली होती. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की आता पहिल्या ओळीतच ती ओळखू येते. पूर्णांक पूर्णांकाला गुणायचा आणि अपूर्णांक अपूर्णांकाला, हे दिसायला अगदी रास्त वाटतं. बेरजेत तसं केलेलं चालतंही. गुणाकारात का चालत नाही, ते आधी नीट बघू, कारण ते एकदा डोळ्यांना दिसलं की पुढची रीत पाठ करावी लागत नाही.

हरवलेली जमीन कुठे गेली?

खोलीचा आयत कागदावर काढा. लांबीच्या बाजूवर ११ फुटांवर एक खूण करा, पुढे पाव फूट उरेल. रुंदीच्या बाजूवर ९ फुटांवर खूण करा, पुढे १/३ फूट उरेल. दोन्ही खुणांपासून सरळ रेषा ओढल्या की आयताचे चार तुकडे पडतात. मोठा तुकडा ११ × ९, म्हणजे ९९ चौरस फूट. कोपऱ्यातला चिमुकला तुकडा १/४ × १/३, म्हणजे १/१२. भाचीने हे दोनच मोजले होते.

राहिल्या त्या भिंतींलगतच्या दोन पट्ट्या. एक ११ फूट लांब आणि १/३ फूट रुंद, तिचं क्षेत्रफळ ३ २/३. दुसरी ९ फूट लांब आणि पाव फूट रुंद, तिचं २ १/४. दोन्ही मिळून ५ ११/१२. आता ९९, ५ ११/१२ आणि १/१२ यांची बेरीज करा: बरोबर १०५.

म्हणजे तुकडे करून गुणाकार करता येतो, पण चारही तुकडे घ्यावे लागतात, आणि मग वेगवेगळ्या छेदांची बेरीज करत बसावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येक संख्या एकाच अपूर्णांकात बसवली तर तुकडेच पडत नाहीत. अंशाधिक अपूर्णांकात रूपांतर करायचं ते यासाठी.

रूपांतर

११ १/४ म्हणजे अकरा फूट आणि वर पाव. सगळं पावातच मोजायचं ठरवलं तर एका फुटात चार पाव, अकरा फुटांत चव्वेचाळीस, आणि वरचा एक धरून पंचेचाळीस पाव. म्हणून ११ १/४ = ४५/४. पूर्णांकाला छेदाने गुणायचं, त्यात अंश मिळवायचा, छेद आहे तोच ठेवायचा.

९ १/३ चं तसंच: ९ × ३ = २७, अधिक १, म्हणजे २८/३.

इथे आपल्या भाषेची एक सोय आहे. सव्वा, साडे म्हटलं की पूर्णांकावर काहीतरी मिळवायचं असतं, पण पावणे म्हटलं की पुढच्या पूर्णांकातून पाव वजा करायचा असतो. पावणेतीन ऐकून बरीच मुलं ३ ३/४ लिहितात. पावणेतीन म्हणजे तीनाला पाव कमी, २ ३/४. मग रूपांतर थेट तीनावरूनच करावं: तीनाचे पाव बारा, त्यातला एक कमी, अकरा. पावणेतीन = ११/४. पावणेपाच म्हणजे वीसातला एक कमी, १९/४. यात चूक व्हायला जागाच राहत नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त हे दोन्ही प्रकार स्वतंत्र नावांनी येतात: मिळवण्याचा तो भागानुबंध, वजा करण्याचा तो भागापवाह. नियम मात्र एकच दिला आहे. पूर्णांकाला छेदाने गुणा आणि अंश प्रकाराप्रमाणे मिळवा किंवा वजा करा.

रूपांतर लिहिताना एक खड्डा आहे. काही मुलं पायरी सविस्तर मांडतात: ३ ३/४ = (३ × ४ + ३)/४. इथपर्यंत छान. पण वरचा ४ आणि खालचा ४ दिसताच ते काटतात आणि ३ + ३ = ६ लिहितात. पावणेचारचे सहा झाले! वर अधिक चिन्ह आहे, आणि खालचा ४ हा १२ आणि ३ या दोघांच्या मिळून झालेल्या १५ चा छेद आहे, एकट्या बाराचा नाही. अधिक-उणेच्या पलीकडे काटायला जायचं नाही. आधी १५/४ करा, काटायचं काय ते नंतर.

काटायचं कधी आणि का

आता आपल्याकडे ४५/४ × २८/३ आहे. अंशाला अंश, छेदाला छेद गुणला तर १२६०/१२ येतं. मग १२६० ला १२ ने भागा, उत्तर १०५. चुकीचं काही नाही, पण पंचेचाळीस अठ्ठावीस तोंडी येत नाहीत, आणि आपण संख्या आधी फुगवून नंतर त्याच खाली आणतो आहोत.

त्याऐवजी गुणाकार न करता एका लांब रेषेवर मांडा:

(४५ × २८) / (४ × ३)

२८ म्हणजे ४ × ७. वर एक ४ दडलेला आहे, खाली एक ४ उघड आहे. वरच्या आणि खालच्या संख्येला एकाच संख्येने भागलं तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही, म्हणून दोन्हींना ४ ने भागू. २८ च्या जागी ७, ४ च्या जागी १. तसंच ४५ म्हणजे ३ × १५. ३ ने भागलं की ४५ च्या जागी १५, ३ च्या जागी १. उरलं १५ × ७ = १०५. कॅल्क्युलेटरवर ९ १/३ ला ९.३३ धरलं असतं तर १०४.९६२५ आलं असतं. अपूर्णांकात ठेवल्यामुळे उत्तर नेमकं आलं.

पाहा, ४ हा पहिल्या अपूर्णांकाचा छेद होता आणि २८ दुसऱ्याचा अंश. तरी काटता आलं, कारण गुणाकारात कोणता अंश कुणाच्या डोक्यावर बसला आहे याला महत्त्व नसतं. सगळे अंश मिळून एक अंश, सगळे छेद मिळून एक छेद. या तिरकस काटण्याला जुनं नावही आहे. महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात लिहिलेल्या 'गणितसारसंग्रहा'त भिन्नांचा गुणाकार सांगताना म्हटलं आहे की जमत असेल तर आधी वज्रापवर्तन करावं आणि मग अंशांनी अंश, हरांनी हर गुणावेत. हर म्हणजे छेद, अपवर्तन म्हणजे सामाईक भाग काढून टाकणं, आणि वज्र म्हणजे ही फुलीसारखी तिरपी दिशा. आधी काटा, मग गुणा, हा क्रम तेव्हापासून तोच आहे.

वहीत काटायचं कसं

घाईघाईने इकडेतिकडे रेघोट्या ओढल्या की मग कोणता आकडा जिवंत आहे तेच कळत नाही. मी भाचीला एक शिस्त लावली आहे. एक एक छेद हातात घ्यायचा आणि त्याच्यासाठी सगळे अंश डावीकडून उजवीकडे तपासायचे. छेद १ झाला की त्याचं काम संपलं. झाला नाही, तर उरलेली संख्या घेऊन पुढच्या अंशाकडे जायचं. काटलेल्या अंशाचा नवा आकडा वर लहान लिहायचा, काटलेल्या छेदाचा खाली. आणि पुढचं सगळं त्या लहान आकड्यांवर करायचं, जुन्यांवर नाही.

तीन संख्यांचं एक उदाहरण पूर्ण करू:

२ ५/८ × १ ५/७ × ३ १/३

रूपांतर: २ × ८ + ५ = २१, म्हणून २१/८. १ × ७ + ५ = १२, म्हणून १२/७. ३ × ३ + १ = १०, म्हणून १०/३.

(२१ × १२ × १०) / (८ × ७ × ३)

पहिला छेद ८. २१ शी त्याचं काही सामाईक नाही. १२ शी ४ सामाईक: १२ चे ३, ८ चे २. छेद अजून १ झालेला नाही, दोन उरले आहेत, म्हणून पुढे १० कडे जा. १० चे ५, २ चा १. ८ संपला. दुसरा छेद ७. २१ चे ३, ७ चा १. तिसरा छेद ३. पहिल्या अंशाच्या जागी आता ३ आहे, त्याचा १ आणि छेदाचाही १. वर उरले १, ३ आणि ५. खाली सगळे १. उत्तर १५.

न काटता गुणलं असतं तर २५२०/१६८ समोर आलं असतं. तेही १५ च, पण २५२० ला १६८ ने भागायला कुणाला आवडेल?

यात दोन गोष्टी नीट बघायला हव्यात. ८ हा छेद दोनदा काटला गेला, पण प्रत्येक वेळी त्यातला जो भाग खरोखर शिल्लक होता तोच वापरला: आधी ४, मग उरलेले २. काही मुलं ८ ला १२ शी काटतात आणि मग पुन्हा जुना ८ च धरून १० शीही काटतात. एकदा खर्च केलेला भाग पुन्हा वापरता येत नाही. दुसरं असं की ७ ला ७ ने काटल्यावर तिथे १ लिहायचा. "काटलं, आता काही उरलं नाही" असं म्हणत मुलं जागा मोकळी सोडतात, आणि मग वर सगळंच काटलं गेलं की उत्तर शून्य लिहितात. काटणं म्हणजे भागणं, आणि सात भागिले सात एक असतो.

सामाईक भाग दिसतच नसेल तर

सम संख्या, शेवटी ० किंवा ५, अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो का, एवढ्या कसोट्यांवर शाळेतली बहुतेक उदाहरणं सुटतात. अडतं ते ५१, ५७, ८५, ९१ अशा संख्यांशी, ज्या पाढ्यांत सहज दिसत नाहीत. हे पाहा:

३ ७/२६ × १ ५/३४ = ८५/२६ × ३९/३४

इथे पुष्कळ जण काटायला काहीच नाही असं समजून गुणाकार करतात आणि ३३१५/८८४ पर्यंत पोहोचतात. तिथून सामाईक विभाजक २२१ शोधून काढणं फार अवघड आहे. आधीच शोधणं सोपं, आणि त्याची खात्रीची रीत आहे वजाबाकी. ८५ आणि ३४ चा सामाईक विभाजक हवा असेल तर मोठ्यातून लहान वजा करा: ८५ − ३४ = ५१. पुन्हा ५१ − ३४ = १७. आता ३४ आणि १७ उरले, आणि ३४ ला १७ ने पूर्ण भाग जातो. म्हणून १७. ज्या संख्येने दोघांनाही भाग जातो, तिने त्यांच्या फरकालाही जातो, म्हणून ही रीत फसत नाही. वजाबाकी करत करत १ उरला, तर त्या दोघांत काटण्यासारखं काही नाही असं बिनधास्त समजा.

८५ चे ५, ३४ चे २. २६ आणि ३९ चा फरक १३, आणि १३ ने दोघांनाही भाग जातो: २६ चे २, ३९ चे ३. उरलं ५/२ × ३/२ = १५/४ = ३ ३/४.

एखादा सामाईक भाग नजरेतून सुटला तरी उत्तर चुकत नाही. शेवटी आलेल्या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देता येतं असं दिसलं, तर मधे काहीतरी काटायचं राहिलं होतं एवढंच समजायचं आणि तिथे काटायचं. उलट, प्रत्येक अंश प्रत्येक छेदाशी तपासून काटला असेल तर शेवटचं उत्तर आपोआप अतिसंक्षिप्त रूपातच येतं.

चूक कशी पकडायची

गुणाकार सुरू करण्याआधी उत्तर साधारण किती येईल ते समासात लिहून ठेवा. ३ ३/४ × २ २/३ घ्या. उत्तर ३ × २ = ६ पेक्षा मोठं आणि ४ × ३ = १२ पेक्षा लहान असणार. पहिली संख्या जवळजवळ चार, दुसरी अडीचपेक्षा थोडी जास्त, म्हणजे दहाच्या आसपास.

आता मोहात पाडणारी चूक बघा. रूपांतर न करताच ३/४ आणि २/३ मधले ३ आणि ३ काटले, २ आणि ४ काटले, १/२ मिळाला, पूर्णांकांचे सहा झाले, उत्तर ६ १/२. काटाकाट इतकी सुरेख झाली की उत्तर बरोबरच असणार असं वाटतं. सहा ते बाराच्या मधे ते बसतंही. पण समासातला अंदाज दहा म्हणतो आहे, आणि साडेसहा दहाच्या जवळ नाही. बरोबर रीत: १५/४ × ८/३, १५ चे ५, ८ चे २, उत्तर १०. पूर्णांक बाजूला उभा असताना काटायला सुरुवात करायची नाही, हे मी लाल शाईने लिहायला सांगते.

दुसरी चूक म्हणजे अंशाला अंशाशी काटणं. ४ १/२ × १ १/५ = ९/२ × ६/५. यात ९ आणि ६ दोघेही वर आहेत. दोघांना ३ ने भागून ३/२ × २/५ केलं आणि पुढे २ आणि २ काटले की उत्तर येतं ३/५. साडेचाराला एकाहून मोठ्या संख्येने गुणल्यावर उत्तर एकाहून लहान कसं येईल? काटताना नेहमी एक वरचा आणि एक खालचा. इथे ६ चे ३ आणि २ चा १, मग ९ × ३ = २७, उत्तर २७/५. पुन्हा पूर्णांकयुक्त रूपात आणायला २७ ला ५ ने भागा: भागाकार ५, बाकी २, म्हणून ५ २/५.

भागाकारात हीच रीत चालते, पण एक पायरी जास्त आहे. दोन्ही संख्या अंशाधिक करा, मग भाजक उलटा करा, आणि त्यानंतरच काटायला घ्या. उलटवण्याआधी काटलं तर वरचा आकडा वरच्याशीच काटला जातो आणि वरची चूक पुन्हा होते.

रूपांतर कधी करू नये

एक संख्या पूर्ण असेल तर बहुतेक वेळा तुकडे करूनच लवकर होतं. ८ × २ ३/४: आठ दुणे सोळा, आठाचे पाऊणपट सहा, बावीस. १२० १/३ × ६: सातशेवीस आणि दोन, ७२२. इथे ३६१/३ करत बसणं म्हणजे उगाच वाट वाकडी करणं. आपल्याकडे दिडकी, अडीचकी, औटकीचे पाढे होते ते अशाच हिशेबांसाठी, औट म्हणजे साडेतीन. तिथे दोनच तुकडे असतात, म्हणून काही हरवत नाही. दोन्ही बाजूंना अपूर्णांक आला की मात्र तुकडे चार होतात, आणि मग अंशाधिक रूपच घ्यावं.

सरावाला चार उदाहरणं देते. आधी समासात अंदाज, मग रूपांतर, मग एकेक छेद.

२ १/२ × ३ १/३: यात ५/२ × १०/३ होतं, उत्तर ८ १/३. इथे १० आणि २ काटतात, ५ आणि ३ मात्र काटत नाहीत, आणि तसं राहणं अगदी बरोबर आहे.

पावणेपाच × २ २/१९: पावणेपाच थेट १९/४ केलेत तर दुसऱ्या संख्येच्या ४०/१९ शी ते लगेच जुळतं. उत्तर १०.

६ ३/४ × १ ७/९: २७/४ × १६/९, उत्तर १२. रूपांतराआधीच ३ आणि ९ काटायचा मोह होईल.

३ १/५ × २ १/७: १६/५ × १५/७, उत्तर ४८/७ म्हणजे ६ ६/७. सातशी काटण्यासारखं वर काहीच नाही, ४८ आणि ७ वजाबाकीच्या रीतीने तपासून बघा.